गादी आणि सार

शेलार, १४ एप्रिल २०२५

दोस्त अय्यूब,

रामराम, सलाम, दोन्ही घे. मागच्या वेळी फोनवर आपण एवढे ओरडलो की आमची सून, पूर्वी, धावत आली आणि म्हणाली, "बाबा, कोणाशी भांडताय?" तुझे कान गेले, माझेही गेले. त्यापेक्षा पत्र बरं. कागदावर तू मला मध्येच तोडू शकत न्हाय.

आता जे सांगतो ते हसण्यावारी नेऊ नकोस. परवा हनुमान जयंतीला गावच्या सप्ताहाची सांगता झाली. बुवांनी श्रियाळ राजाची गोष्ट लावली होती. तुला शाळेपासून ठाऊक हाय, तरी सांगतो. राजाचा नेम होता, दारी आलेला पाहुणा विन्मुख जायचा न्हाय. शंकर त्याची परीक्षा घ्यायला अंगाला राख फासून आला आणि त्याने पोराचंच मांस मागितलं. आईने, चांगुणेने, काळजावर दगड ठेवून ते रांधलं. मुंडकं तेवढं बघायला राखून ठेवलं होतं, तर पाहुणा म्हणतो, तेही उखळात कांड, आणि कांडताना गाणं म्हण. ताट वाढल्यावर म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत न्हाय, पोराला हाक मार. आईने हाक मारली आणि चिलया बाळ खेळता खेळता धावत आला. सगळा मांडव रडला. मी चहाला उठलो, कारण मला रडताना लोकांनी बघितलेलं चालत न्हाय.

दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, आमच्या फाटकाशी एक माणूस. लुंगी, उघडे पाय, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. खांद्यावर लोखंडी दांडा. मी नेहमीसारखा "आगे जाव" म्हणणार, तेवढ्यात आमची मंडळी, विनिता, पुढे गेली. तिने नाव विचारलं. त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "शिवा."

अय्यूब, माझ्या हातातला पेपर गळाला.

तिने विचारलं, "कुठून आलात?" त्याने लांब हात केला, "मलै, मलै." पूर्वीने मोबाइलवर बघितलं. मलै म्हणजे डोंगर. तमिळ शब्द हाय म्हणाली. शंकराला तमिळ येत न्हाय असं कुठे लिहिलंय?

मग तो हात जोडून दोनच शब्द बोलत राहिला, "गाडी, सार. गाडी, सार." कळवळून बोलत होता. विनिताला लगेच समजलं, त्याला गादी म्हणायचं हाय. पाहुण्यांसाठी शिवलेली नवी गादी तिने ओटीवर टाकली आणि कोकमाचं सार करून दिलं. तो गादीकडे बघत राहिला, मग साराकडे. डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्याच्या. चार वाट्या प्यायला.

तुझं मत कळव. तू लूमवाला असलास तरी तुझ्याकडेही अशा गोष्टी असतीलच.

तुझा
रामनाथ

ता. क. महादूचं आणि माझं रस्त्यावरून जरा लागलंय. विशेष काही न्हाय.


श्रीवर्धन, १८ एप्रिल

रामनाथ,

तुझं पत्र लेकीने, अक्साने, वाचून दाखवलं, माझ्या डोळ्यात थेंब घातले होते. गादीपाशी पोरगी एवढी हसली की मला पुढचं स्वतःच वाचावं लागलं, थेंब गेले वाहून.

आमच्याकडे आहेत गोष्टी. इब्राहीम अलैहिस्सलाम यांच्याकडे तीन अनोळखी पाहुणे आले. त्यांनी "जेवणार का?" असं विचारलंच नाही. विचारलं की भला माणूस नको म्हणतो. ते गुपचूप आत गेले आणि भाजलेलं वासरू घेऊनच बाहेर आले. पण पाहुण्यांचे हात ताटाकडे जाईनात. तेव्हा त्यांच्या मनात भीती आली, कारण जो तुझं अन्न शिवत नाही तो तुझं वाईट चिंतून आला असेल, असा त्या मुलुखाचा समज. मग पाहुणे म्हणाले, घाबरू नका, आम्ही फरिश्ते आहोत. फरिश्ते जेवत नाहीत.

म्हणजे बघ, आमच्या हिशेबाने जो जेवला नाही तो आसमानातला. तुझा तर चार वाट्या प्यायला. आमच्यात नापास.

आणि एक. आमच्यात मेहमाननवाजी तीन दिवसांची. त्यापुढे खाऊ घातलंस तर तो सदका, म्हणजे दान, तुझी मर्जी. लेकीकडे माझे ते तीन दिवस दोन वर्षांपूर्वीच संपले. जावई भला आहे, पण मी स्वयंपाकघरात डोकावलो की तो घड्याळ बघतो. त्यामुळे पाहुण्याच्या बाजूने बोलायला मी हल्ली लायक माणूस आहे. तुझ्या शिवाला विचार, त्याला नक्की काय हवंय.

तुझं महादूशी काय लागलंय? ज्या गोष्टीला तू "विशेष काही नाही" म्हणतोस ती मला सगळ्यात आधी वाचावीशी वाटते.

अय्यूब


शेलार, २२ एप्रिल

दोस्त अय्यूब,

तुमचे फरिश्ते जेवत न्हाईत हे त्यांचं त्यांच्यापाशी. आमचे देव खातात, आणि मागून खातात. तिघे देव अनसूयेकडे आले तेव्हा काय मागितलं ठाऊक हाय ना? विवस्त्र होऊन वाढ म्हणाले. ती डगमगली न्हाय. तिने पाणी शिंपडून तिघांची तान्ही बाळं केली आणि पाजलं. पाहुण्याचा शब्दही राहिला आणि घरचा धर्मही. त्या मानाने आमचा पाहुणा फार साधा हाय.

तो रोज येतो. पहाटे उठून बघावं तर गादी रिकामी. अंतर्धान. दुपारी पुन्हा फाटकाशी हजर, "गाडी, सार." आता आम्हाला सवय झालीय, सार तयारच असतं.

विनिताने त्याच्यासाठी घरात मासळी बंद केली. पाच दिवस वरणभात. परवा शेजारच्या घरी बोंबील तळत होते, तर हा भिंतीवरून त्या धुराकडे असा बघतोय, असा बघतोय! विनिता म्हणाली, "अवो, देवाला बोंबील चालतील का?" मी म्हटलं, "श्रियाळाकडे पोराचं मांस मागितलं त्याने. बोंबील काय चीज हाय?" तळून वाढले. काटे सुद्धा राहिले न्हाईत.

खारबावहून आमची आक्का मुद्दाम बघायला आली. थोरली बहीण, तिला सगळ्या कहाण्या पाठ. ती म्हणाली, देव ओळखायच्या खुणा दमयंतीच्या स्वयंवरात सांगितल्यात. चार देव नळाचं रूप घेऊन बसले होते तेव्हा तिने त्या ताडल्या. देवाची पापणी लवत न्हाय, घाम येत न्हाय, सावली पडत न्हाय, पाय भुईला टेकत न्हाईत, गळ्यातला हार सुकत न्हाय. आम्ही बसलो तपासायला. पापणी लवते. घाम बादलीभर. सावली चांगली लांब पडते. पाय तर भुईला टेकतातच, टाचांना भेगा. हार घातला, तो तासाभरात सुकला. आक्का म्हणाली, "ऊनच तसं हाय, हाराचा काय दोष?" शेवटी असं ठरलं की तो इतका लपून आलाय की खुणाही लपवल्यात. म्हणजे मोठाच देव.

पूर्वी म्हणत होती, मोबाइलमध्ये भाषा बदलून देणारं काहीतरी असतं, त्याच्याशी बोलून बघू. मी ठणकावलं, देवाशी मशिनीतून बोलायचं न्हाय.

आता महादूचं. त्याचं गोडाऊन माझ्या पाठीमागे. रस्ता माझ्या जागेतून जातो. त्याने न विचारता माझ्या हद्दीत गटार खणलं. म्हणून मी रस्त्याला साखळी लावून कुलूप घातलंय. माणूस चालत जाऊ शकतो, वाहन न्हाय. आत काही ट्रक हायत, ते अडकलेत. महादूने माफी मागावी, मी कुलूप काढतो. पोलीस आले होते, जागेचं भांडण कोर्टात न्या म्हणाले आणि गेले. तत्त्वाचा प्रश्न हाय. यात तू पडू नको.

रामनाथ


श्रीवर्धन, २६ एप्रिल

रामनाथ,

मी पडणार.

मी चाळीस वर्षं धामणकर नाक्याजवळ लूम चालवले. सूत कुठून यायचं? दक्षिणेतून. कोण आणायचं? लुंगीतले, भस्म लावलेले, लोखंडी टॉमी खांद्यावर टाकून टायर ठोकत फिरणारे ड्रायव्हर. माझ्या दारात त्यातले शंभर झोपून गेलेत. त्यांच्याकडे प्रत्येक साहेबाला "सार" म्हणतात. "सार" म्हणजे साहेब. आणि "गाडी" म्हणजे, अरे गाढवा, गाडी!

तो माणूस दोन आठवडे तुझ्यासमोर हात जोडून म्हणतोय, "साहेब, माझी गाडी सोडा." आणि तू त्याला गादी टाकून आमसुलाचं पाणी पाजतोयस.

पहाटे तो अंतर्धान पावत नाही. ट्रकपाशी जातो, त्याचा मालक त्याला गाडी सोडू देत नसणार म्हणून.

आणखी सांगतो. परीक्षा पाहुणा घेतो, यजमान नाही. तू उलट त्याच्या सावल्या मोजत बसलास. देव आहे असं समजून वाढलेलं ताट म्हणजे मेहमाननवाजी नव्हे, ती पेरणी. उगवेल म्हणून टाकलेलं बी. त्यात तुझं मोठेपण काय? उद्या तो ड्रायव्हर आहे असं समजलं तर ताट मागे घेशील का? याचं उत्तर मला पत्राने नको. तुझं तुला दे.

महादू तुझा सख्खा भाऊ आहे. मी त्याला खांद्यावर बसवून जत्रेत नेलंय. साखळी काढ.

अय्यूब


शेलार, २ मे

अय्यूब भाऊजी यांना विनिताचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. यांनी वाचलं, घडी घातली, उशीखाली ठेवलं आणि कोणाशी बोलेनासे झाले. मला वाटलं, तुमच्याकडे कोणी गेलं की काय. म्हणून मी उशीखालून काढून वाचलं. माफ करा. आता हे पत्र मी लिहिते, कारण ते लिहिणार न्हाईत.

तुम्ही यांना गाढव म्हणालात. गादी मी टाकली होती. तेव्हा त्यातलं अर्धं गाढव माझं.

वाचल्यावर मी डबा भरला, पूर्वीला घेतलं आणि तडक साखळीवर गेले. भाऊजी, मी तिकडे महिनाभर फिरकले नव्हते. पाच-सहा ट्रक एकामागे एक उभे. ड्रायव्हर, क्लीनर गाड्यांच्या खाली सावलीला झोपलेले. महादूभाऊजींच्या गोडाऊनचं पाणी टँकरने यायचं. तो टँकरही साखळीमुळे आत जाईना. रंगूबाई, माझी जाऊ, डोक्यावर हंडे आणून देते तेवढंच पाणी.

शिवा धावत आला. एकेकाला माझ्यासमोर उभं केलं. मी नावं विचारली. पहिला म्हणाला, मुरुगन. पूर्वी म्हणाली, "आई, म्हणजे कार्तिकेय." दुसरा म्हणाला, गणेसन. तिसरा म्हातारा, त्याचं नाव पेरुमाळ, म्हणजे विष्णू. घरी येऊन मी यांना म्हटलं, "तुम्ही एका देवाला बोंबील वाढताय, आणि बाकीचा सगळा कैलास तुमच्या साखळीत बांधलाय. विष्णूसकट."

ते म्हणाले, "नावं काय, कोणीही ठेवतो." मग मी म्हटलं, "पहिल्या दिवशी शिवा म्हटल्यावर पेपर कोणाचा गळाला?"

पूर्वीने तिथे मोबाइलवरून बोलून घेतलं. शिवाची ही पहिलीच लांबची खेप. त्याला कोणीतरी सांगितलं की टाकीवाल्या बंगल्यात कुलपाचा मालक राहतो. म्हणून तो रोज विनवायला येत होता. तो पूर्वीला म्हणाला, या घरची माणसं फार चांगली, पण थोडी वेडी. काहीही मागा, ताट वाढतात.

आणखी एक तुम्हाला यांनी सांगितलं नसणार. साखळी लावली त्या दिवशी म्हातारा पेरुमाळ यांच्या जीपपाशी कॅन घेऊन आला होता. यांनी तोंडही न बघता सांगितलं, "बोअरला पानी न्हाय." बोअर तेव्हा धो धो चालली होती. त्याच आठवड्यात मोटर जळली. सत्यनारायणाच्या कथेत व्यापारी नावेत धन भरून नेतो, संन्यासी विचारतो नावेत काय, हा म्हणतो वेलीपानं हायत. मग खरंच वेलीपानं होतात. दर वर्षी पूजा घालतो आम्ही, प्रसाद खातो, आणि हे कळायला मोटर जळावी लागली.

आणि सप्ताहात बुवांनी दुसरी गोष्टही सांगितली होती, तेव्हा हे चहाला गेलेले. रंतिदेव राजाची. खूप दिवसांच्या उपासानंतर त्याच्या पुढ्यात अन्न आलं. एक पाहुणा आला, त्याला दिलं. दुसरा आला, त्याला दिलं. तिसरा कुत्री घेऊन आला, उरलेलं त्याला आणि कुत्र्यांना. मग नुसतं पाणी राहिलं. घोट घेणार तर ज्याला गावात कोणी शिवत नव्हतं असा तहानेला माणूस आला. राजाने तेही दिलं. देव त्यानंतर दिसले, भाऊजी. आधी न्हाय. आधी दिसले असते तर त्या गोष्टीला गोष्ट म्हटलंच नसतं.

तर मी आज घरची शेगडी बंद केली. सिलिंडर, पातेली, सगळं साखळीपाशी नेलंय. जेवण आता तिथेच होईल. ज्याला भूक लागेल त्याने चालत यावं. हे मी यांना सांगून आलेय.

तुमची वहिनी
विनिता


शेलार, ७ मे

अय्यूब,

पहिल्या दिवशी मी बिस्किटं खाल्ली. दुसऱ्या दिवशी बिस्किटं संपली.

मी गेलो. ऊन मी म्हणत होतं. कडुलिंबाखाली पंगत बसली होती. साखळीच्या या बाजूला विनिता भात काढतेय, त्या बाजूला रंगूबाई भाकऱ्या थापतेय, आणि दोघी जावा हसतायत. गटार खणल्यापासून त्या बोलल्या नव्हत्या असं मी समजत होतो. तर रोज संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर भेटायच्या म्हणे!

पंगतीत महादू होता. मला बघून त्याने तोंड फिरवलं. मीही फिरवलं. तिथून परतणारच होतो. तेवढ्यात शिवा उठला, माझ्या हाताला धरलं आणि मला ओळीत बसवलं. महादूच्या शेजारी, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. मग म्हातारा पेरुमाळ कॅन घेऊन आला. तळाशी थोडं पाणी होतं. ते त्याने माझ्या हातावर घातलं, जेवायच्या आधी हात धुवायला. स्वतःच्या भांड्यात ठेवलं न्हाय.

अय्यूब, हाच तो कॅन. याच माणसाला मी पाणी न्हाय म्हटलं होतं. त्याला ते आठवत होतं की न्हाय, त्याच्या तोंडावरून कळेना. मला तर आठवत होतं. मी यजमान म्हणून इतकी वर्षं मिरवलो, आणि माझ्याच जमिनीवर मला कुलुपात अडकलेल्या माणसाने पाहुणा म्हणून बसवलं.

महादू माझ्याकडे न बघता झाडाला म्हणाला, "कोनाला तरी सांगा, उन्हात टोपी घालून येत जा. बीपी हाय."

मीही झाडाला म्हटलं, "कोनाला तरी सांगा, गटार खनायच्या आधी इचारलं असतं तर मीच मजूर दिले असते."

झाड म्हणालं, म्हणजे महादू म्हणाला, "इचारायला आलो होतो. फाटकावर पाटी वाचली आनि परत गेलो."

आमच्या फाटकावर पाटी हाय, "परवानगीशिवाय आत येऊ नये." ती फेरीवाल्यांसाठी लावली होती. भावाने वाचली.

मी उठलो. किल्ली कमरेलाच होती. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. महादू उठला आणि त्याने साखळी ताणून धरली. कुलूप निघालं. कोणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. ड्रायव्हर आधी जेवले, मगच गाड्यांकडे गेले. विनिताने कोणाला अर्ध्यावरून उठू दिलं न्हाय.

निघताना मी शिवाच्या पाया पडायला वाकलो. खरं सांगतो, मनात अजून थोडी आशा होती. तोही नेमका माझ्या पाया पडायला वाकला. डोकी आपटली. त्याला टेंगूळ आलं, मला आलं. आक्का म्हणते, देवाला टेंगूळ येत न्हाय. मी म्हटलं, आक्का, आता पुरे.

तू बाहेरून इतकं बरोबर वाचलंस, म्हणून विचारतो. तुझ्या पत्रात जावई घड्याळ बघतो असं एक वाक्य होतं. मी तेव्हा त्यावरून पुढे गेलो. आज पुन्हा वाचलं. तू बरा हाय ना? आमच्याकडे ती गादी ओटीवर अजून पसरलेलीच हाय. तीन दिवसांचा तुमचा नियम इथे लागू न्हाय.

रामनाथ


श्रीवर्धन, १२ मे

रामनाथ,

डोकी आपटली तिथे अक्साच्या नवऱ्यालाही हसू आलं. त्याने पत्र दोनदा वाचायला मागितलं. मग मला म्हणाला, "अब्बा, मी घड्याळ बघतो ते तुमच्या गोळीची वेळ झाली का म्हणून." मी दोन वर्षं त्याच्याबद्दल मनात काय काय वाचत होतो! तुला गाढव म्हणालो ते मागे घेतो. निदान एकटा तूच नाहीस.

तरी गादीचं आमंत्रण मी सोडत नाही. जूनच्या आधी येतो. कधी ते सांगत नाही. तिथी सांगून आलो तर अतिथी कसला?

फाटकावरची पाटी काढलीस का?

अय्यूब


शेलार, १७ मे

अय्यूब,

पाटी काढली. त्याचा पहिला फायदा सांगतो.

काल आम्ही जेवायला बसलो, तर एक टाय घातलेला तरुण सरळ ओटीवर. घामाघूम. विनिताने नाव विचारलं न्हाय, गाव विचारलं न्हाय. पाट मांडला, मांदेलीचं कालवण वाढलं, भाकरी वाढली. मी त्याच्या सावलीकडे बघितलं सुद्धा न्हाय. तो दोनदा म्हणाला, "काकी, मी आधी सांगतो मी कशासाठी आलोय." विनिता म्हणाली, "आधी जेव."

जेवून हात धुतल्यावर त्याने पिशवी उघडली. पाणी शुद्ध करायचं मशीन विकायला आला होता. घरात आधीच दोन हायत. तरी तासभर बोलून त्याने तिसरं आमच्या भिंतीला ठोकलं आणि गेला.

गोष्टीतले देव जाताना काहीतरी देऊन जातात. हा घेऊन गेला. मी विनिताकडे बघितलं, ती माझ्याकडे. मग ती उठली, त्याचं ताट उचललं आणि म्हणाली, "कायबी म्हना, पोरगा जेवला मात्र पोटभर."

रामनाथ